पूर्ण केली की पाव केली?

जितके लावाल तितकेच जिंकाल किंवा हराल अशी पैज, जिंकण्याची शक्यता ५५ टक्के. जिंकण्याच्या p या शक्यतेवरून भांडवलाचा किती हिस्सा f लावायचा ते ठरवणारं केलीचं सूत्र `f = 2p - 1` सांगतं: भांडवलाच्या १० टक्के लावा. पाव केली म्हणजे फक्त अडीच टक्के.

अंदाज बरोबर असेल, तर पूर्ण केली सर्वांत वेगाने वाढते. पाव केलीला त्या वेगाच्या जेमतेम ४४ टक्के मिळतात. पण ५५ हा आकडा पैजा लावणाऱ्या प्रोग्रामने जुन्या नोंदींवरून काढलेला, म्हणजे बहुधा फुगलेलाच. खरी शक्यता ५२ निघाली, तर योग्य हिस्सा ४ टक्के. त्याच्या दुपटीहून जास्त लावणारी पूर्ण केली जिंकणाऱ्या पैजेतही हळूहळू भांडवल खाते, आणि प्रोग्राम निमूटपणे लावतच राहतो. पाव केली मात्र तेव्हाही वाढतीच. मी तीच निवडेन.