मिक्समधलं मधलं गाणं शेजाऱ्यांवरून शोधणं: आठ महिने वापरल्यानंतर

मी राहतो ठाण्यात, वर्तकनगरला, आणि नोकरी रबाळ्याला. ट्रान्स-हार्बरचा प्रवास तसा छोटा, पण दोन्ही वेळा मिळून दोन तासांचा एक डीजे सेट तीन दिवसांत संपतो. त्यातलं एखादं गाणं डोक्यात बसतं आणि त्याचं नाव कुठेच नसतं. ट्रॅकलिस्टमध्ये त्या जागी नुसतं "ID" लिहिलेलं असतं. गेले आठ महिने मी अशी गाणी एका ठरावीक पद्धतीने शोधतोय. पैसे फारसे गेले नाहीत, झोप बरीच गेली. हा त्याचा हिशोब.

पद्धत एका वाक्यात सांगायची तर, हरवलेल्या गाण्याच्या मागे न लागता त्याच्या आधीचं आणि नंतरचं गाणं पक्कं करायचं आणि त्या दोघांना बोलतं करायचं. सुरुवातीला मला वाटायचं की शेजारी म्हणजे फक्त "त्याच जातीचं संगीत असेल" एवढाच अंदाज. तसं नाही. शेजारची गाणी नाव सांगत नाहीत, पण त्या क्षणी डीजेचं मशीन कोणत्या वेगावर होतं ते अचूक सांगतात, आणि निम्मं काम तिथेच होतं.

एक खरी केस घेतो. एका लाइव्हस्ट्रीमचं रेकॉर्डिंग, हाउस संगीत, १ तास १२ व्या मिनिटाला एक बेसलाइन. गाणी ओळखणारं अ‍ॅप शझॅम गप्प. आधीचं गाणं माझ्या ओळखीचं, फाइल घरी होती. नंतरचं गाणं शझॅमने पहिल्या फटक्यात ओळखलं. मधलं मात्र पाच वेळा धरूनही नाही.

शझॅम का गप्प बसतं ते आधी समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. ते आवाजातले ठळक बिंदू निवडतं आणि त्यांच्या जोड्या लावतं: या बिंदूची फ्रिक्वेन्सी, त्या बिंदूची फ्रिक्वेन्सी, दोघांमधलं अंतर. गर्दीचा गोंगाट त्याला चालतो, कारण काही बिंदू बुडाले तरी बाकीचे जागेवर असतात. पण डीजेने गाणं तीन टक्के वेगाने वाजवलं की सगळेच बिंदू एकदम सरकतात आणि एकही जोडी जुळत नाही. माझ्या अनुभवात एक टक्क्याच्या आत बहुतेक वेळा ओळखतं, दोनच्या पुढे क्वचित. मधल्या पट्ट्यात नशीब.

आता शेजारी. आधीच्या गाण्याचा मूळ वेग १२२ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२२ ठोके. मिक्समध्ये मोजला तर १२५. म्हणजे ते साधारण अडीच टक्के वाढवून वाजवलं होतं. नंतरचं गाणं मूळचंच १२५ चं, त्यामुळे ते जसंच्या तसं वाजलं आणि शझॅमला लगेच सापडलं. दोन्ही टोकांना १२५ म्हणजे मधेही १२५. वेग मी Mixxx या डीजे सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून बघतो. ते कधीकधी निम्मा किंवा दुप्पट आकडा दाखवतं, म्हणून टाळ्या वाजवून एकदा खात्री करतो.

मधल्या गाण्याचा मूळ वेग माहीत नाही, पण हल्लीची बहुतेक हाउस गाणी कॉम्प्युटरवर पूर्ण आकड्यावर बनतात: १२२, १२३, १२४. म्हणजे शक्यता मोजून सात-आठ. प्रत्येक शक्यतेसाठी तुकडा त्या वेगावर परत आणायचा आणि पुन्हा शझॅमला ऐकवायचा, बस्स.

त्याआधी एक प्रश्न उरतो. वेग वाढवताना सूरही चढला होता का? मशीनवर मास्टर टेम्पो चालू असेल तर सूर जागेवर राहतो, बंद असेल तर वेगाबरोबर सूरही वर जातो. याचं उत्तर पुन्हा आधीचं गाणं देतं. अडीच टक्क्यांना सूर जवळपास ४२ सेंट, म्हणजे अर्ध्या सेमीटोनला थोडा कमी इतका चढतो. घरची फाइल आणि मिक्समधला तोच भाग आलटून पालटून ऐकला, तर मिक्समधला आवाज स्पष्ट वर होता. म्हणजे मास्टर टेम्पो बंद. डीजे सहसा ते एका सेटमध्ये गाण्यागणिक चालू-बंद करत बसत नाहीत, म्हणून मधल्या गाण्यालाही तेच लावलं.

```
yt-dlp -x --audio-format wav --download-sections "*1:10:30-1:17:00" -o "mix.%(ext)s" URL
ffmpeg -i mix.wav -af "aresample=44100,asetrate=43394,aresample=44100" b123.wav
```

पहिली ओळ मिक्समधला तुकडा उतरवते, दुसरी तो १२३ वर आणते. हा ४३३९४ आकडा म्हणजे ४४१०० गुणिले १२३ भागिले १२५. मास्टर टेम्पो चालू असता तर `asetrate` ऐवजी `atempo=0.984` लागलं असतं.

इथे मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या, म्हणून थांबून सांगतो. त्या ओळीतलं पहिलं `aresample=44100` मी आधी लिहिलंच नव्हतं. व्हिडिओवरून उतरवलेला आवाज बऱ्याचदा ४८००० चा असतो. त्याला ४३३९४ समजून वाजवलं की गाणं दीड टक्का नाही, साडेनऊ टक्के हळू होतं. आणि गंमत म्हणजे ऐकायला ते फार वाईट लागत नाही, नुसतं जड वाटतं. दोन दिवस आठही शक्यता तपासून मी "हे अजून रिलीज झालेलं नाही" असा निष्कर्ष काढला होता. चूक कशी कळली? ओळखीचं आधीचं गाणं त्याच ओळीतून काढलं आणि शझॅमने तेही ओळखलं नाही. तेव्हापासून नियम केला: अनोळखी गाण्याच्या आधी ओळखीचा शेजारी त्याच वाटेने पाठवायचा. तो परत आला तरच पुढे.

दुरुस्तीनंतर १२४ वर काही नाही, १२६ वर नाही, १२३ वर नाव आलं.

नाव आलं म्हणजे झालं नाही. शझॅम कधी फक्त वर टाकलेला गायकाचा आवाज ओळखतं, कधी नंतरच्या गाण्याची आत येणारी सुरुवात, कधी ज्यातून तुकडा उचललाय ते जुनंच गाणं. फरक कसा करायचा? यासाठी मी फोनऐवजी लिनक्सवर `SongRec` वापरतो, कारण ते नावाबरोबर `offset` पण दाखवतं, म्हणजे हा आवाज मूळ गाण्याच्या कितव्या सेकंदाला आहे ते. बारा-बारा सेकंदांचे तुकडे करून देतो:

```
songrec audio-file-to-recognized-song b123_01.wav
```

मिक्समध्ये १:१२:४० ला उत्तर आलं १०१ सेकंद. १:१३:४० ला आलं १६२. मिनिटभरात ६१ सेकंद पुढे, आणि वेग दीड टक्का वाढवलेला असल्यामुळे तेच बरोबर. चुकीची ओळख असती तर आकडे वेडेवाकडे उड्या मारतात, एकदा २०, पुढे १८५.

शिवाय मागे मोजत गेलो तर गाणं सुरू झालं असणार १:११:०१ च्या आसपास. आणि आधीच्या गाण्याचा किक ड्रम पूर्ण बंद होतो १:१२:०२ ला. मधलं अंतर ६१ सेकंद. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे १२५ वर बरोबर ३२ बार. डीजे असेच आठ, सोळा, बत्तीस बारांवर मिसळतात. शेजारी आणि पाहुणा, दोघांचं घड्याळ जुळलं.

तरी एक खडा दातात आला. १:१४ च्या पुढे `offset` अचानक अपेक्षेपेक्षा १५.६ सेकंद जास्त येऊ लागला. १२३ वर आठ बार म्हणजे बरोबर तेवढेच. आणि जिथे मूळ गाण्यात बाईचा आवाज यायला हवा तिथे मिक्समध्ये नुसती बेसलाइन. एक तर डीजेने आठ बार उडी मारली, नाहीतर ही वेगळीच आवृत्ती.

आता डीजे सेटच्या ट्रॅकलिस्ट जमवणारी 1001Tracklists ही साइट कामाला आली. आधीच्या गाण्याच्या पानावर ते कोणकोणत्या सेटमध्ये वाजलं त्याची यादी असते. त्याच डीजेचे मागच्या-पुढच्या महिन्याभरातले सेट उघडले. लोक फार विचार करतात की डीजे दर वेळी नवं काही करतो. करत नाही. दोन गाणी एकदा छान जुळली की ती जोडी आठवडेच्या आठवडे तशीच वाजते. तीन आठवड्यांनंतरच्या एका सेटमध्ये आधीच्या गाण्यानंतर तेच नाव होतं, फक्त पुढे "डब" लिहिलेलं. डब म्हणजे गायन बहुतेक काढलेली आवृत्ती. ते विकत घेतलं, ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये मिक्सच्या खाली लावलं, १२५ वर ताणलं. शेवटपर्यंत एकही ठोका हलला नाही. ब्रेक आठ बारांनी छोटा, आवाज नाही. तेच.

या यादीबद्दल एक तक्रार: वेळा डोळे झाकून घेऊ नका. तुमच्या रेकॉर्डिंगची सुरुवात कापलेली असेल तर सगळ्या वेळा सारख्याच सरकलेल्या असतात. दोन्ही शेजाऱ्यांचा फरक मोजा. दोन्हीकडे साडेतीन मिनिटं असेल तर सरळ वजा करा. एकीकडे साडेतीन आणि दुसरीकडे पाच असेल तर मधे काहीतरी कापलंय, आणि कदाचित नेमकं तुमचंच गाणं.

हाउस, टेक्नोच्या बाहेर ही पद्धत लंगडते. गोठिवलीतला माझा एक मित्र म्हणाला, "दादा, आमच्या हळदीच्या लाइव्हमधलं सत्तेचाळिसाव्या मिनिटाचं गाणं शोधून दे ना, सगळे विचारतायत." फोनवर केलेलं शूटिंग, समोर भिंतीएवढे स्पीकर, बेस फाटलेला. आगरी-कोळी रिमिक्सची ट्रॅकलिस्ट कोण लिहिणार? शझॅम मूळ गाणं दाखवतं, रिमिक्स नाही. इथे वेग-बिग बाजूला ठेवून शेजाऱ्यांचा दुसरा उपयोग केला: आधीच्या आणि नंतरच्या गाण्याची नावं एकत्र यूट्यूबवर टाकली. बरेच ऑपरेटर तयार नॉनस्टॉप जशीच्या तशी लावतात, त्यामुळे दोन शेजारी त्याच क्रमाने एका नॉनस्टॉपमध्ये सापडले. मधे आमचं गाणंही होतं. वर्णनात मात्र फक्त रिमिक्स करणाऱ्याचा फोन नंबर आणि नारळाची चित्रं.

शेवटी मित्राने ऑपरेटरलाच विचारलं. त्याने पेनड्राइव्हचा फोटो पाठवला. फाइलचं नाव: `haldi new final 07`.