लोहाची गोळी की पालक-संत्री?

जिना चढताना वहिनीला भोवळ आली. खालची पापणी ओढून पाहिली, तर आत गुलाबीऐवजी पांढुरकं. हिमोग्लोबिन ८.६ निघालं, बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. "गोळीनं मळमळतं हो, पालक-संत्र्यांवर भागणार नाही का?" तिनं विचारलं.

वेगात गोळीच पुढे. लोह कमी असेल तर महिन्याभरात आकडा साधारण १ ते २ नं चढतो. पालेभाजीतलं लोह अंगी फार थोडं लागतं. जेवणासोबत आपलं नागपुरी संत्रं खाल्लं तर जरा जास्त, वर लगेच चहा घेतला की आणखी कमी.

त्रासात मात्र आहार बरा. गोळीनं बद्धकोष्ठता होते, शौचाला काळी होते. नुसत्या काळ्या रंगाला घाबरू नका. डांबरासारखी चिकट असेल तर डॉक्टर गाठा. वहिनी डॉक्टरांना विचारून गोळी दिवसाआड घेते, मळमळ बरीच कमी झाली.

आधी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, रक्तात तपासा. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचीही तपासणी हवीच. तो निघाला तर मनानं लोह घेऊ नका.

लोहाच्या कमतरतेनं रक्तक्षय ठरला असेल तर गोळी, आकडा सुधारल्यावरही सुमारे ३ महिने. पालक-संत्री सोबतीला, आणि पुढे आकडा टिकवायला.