पावसाळा सरला, गिटारच्या तारा बदलायच्या: कोणत्या घ्याव्यात?

गोव्यात गणपती झाले की बंद पिशवीतली गिटारं बाहेर निघतात आणि एकच प्रश्न येतो: १० जाडीचा सेट घेऊ की १२ चा? त्याआधी ब्रिज बघा. प्रत्येक तारेला खुंटीसारखी पिन असेल तर गिटार स्टीलचं आहे. तार ब्रिजलाच गाठ मारून बांधलेली असेल आणि खालच्या तीन तारा पारदर्शक दिसत असतील, तर ते नायलॉनचं. नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नयेत. नायलॉनचा पूर्ण सेट साधारण ४० किलोच्या ताणावर उभा असतो, स्टीलचा १२ चा सेट ७० किलोच्या वर जातो. ब्रिज उखडतो, पुढचं लाकूड फुगतं, आणि मग तारांचा खर्च वाचवल्याचा आनंद फार टिकत नाही.

माझी भाची मांद्र्याला राहते, समुद्रापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तिच्या स्टील गिटारवर १२ ते ५३ चा सेट होता; म्हणजे पहिली तार इंचाच्या १२ हजारांश जाड, सहावी ५३. तार जिथे फ्रेटला टेकते तिथे खालून बोट फिरवलं तर खाच लागत होती, आणि बोटाला काळं येत होतं. खात्री करायला तिने बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहिले. सुट्ट्या तारा नीट सुरात असूनही दाबलेला सूर भलतीकडे जात होता. सगळ्या तारांना हे होत असेल तर ब्रिजही तपासावा लागतो. पण नवीन असताना बरोबर असलेलं गिटार असं वागू लागलं तर दोष तारेचाच धरावा. गंज आणि मळ सारखा बसत नाही, त्यामुळे तारेचं वजन एकसारखं राहत नाही.

आता निवड. तिला भजनी मंडळात साथ करायची असते आणि तास-दीड तास बॅर कॉर्ड धरून बोटं भरून येतात. सूर आणि लांबी तीच असेल तर साध्या तारेचा ताण जाडीच्या वर्गाने बदलतो. १२ ऐवजी ११ घेतली तर पहिल्या तारेचा ताण सुमारे १६ टक्क्यांनी उतरतो. १० घेतली तर ३० टक्क्यांनी. १० मऊ लागते, पण तबला-पेटीच्या साथीत आवाज बारीक पडतो आणि जोरात झोडपलं तर तार फ्रेटवर खडखडते. मी तिला ११ ते ५२ सुचवलं. माझ्या मते साथीला वाजवणाऱ्या बहुतेकांना तोच सेट सोसतो. फक्त ताण कमी झाला की मान किंचित सरळ होते. तिच्या गिटारला पहिल्या दोन-तीन फ्रेटवर खडखड आली, ती मानेच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा सैल केल्यावर गेली. त्यापेक्षा जास्त फिरवायची वेळ आली तर जाणकाराकडे द्यावं.

धातूचं गणित गेजपेक्षा, म्हणजे तारेच्या जाडीपेक्षा, सोपं. ८०/२० ब्राँझमध्ये ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे खरं तर ते पितळच. नवीन असताना झणझणीत वाजतं, पण आपल्या हवेत आणि घामात लवकर बसतं. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर कथील असतं; आवाज जरा उबदार, आणि टिकतं थोडं जास्त. किनाऱ्याला राहणाऱ्यांनी पैसे घालायचेच तर ते आवरण असलेल्या फॉस्फर ब्राँझमध्ये घालावेत. महाग पडतात, पण वेढ्यांच्या फटीत घाम शिरत नाही. डिचोली-साखळीकडे, वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने तारा पुसणाऱ्याला साधा फॉस्फर ब्राँझही पुरतो.

नायलॉनला गेज विचारायचं नसतं, ताण विचारायचा: नॉर्मल की हार्ड. शिकणाऱ्याने नॉर्मल घ्यावा. हार्डमध्ये जोर जास्त, पण डावा हात लवकर दमतो आणि जुन्या, हलक्या गिटारवर भार येतो. खालच्या तीन तारांना गंज नाही. वरच्या तिन्हींत मात्र नायलॉनच्या धाग्यांवर चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते, आणि चौथी त्यात सगळ्यात बारीक असल्याने बहुधा तीच आधी फ्रेटवर झिजून उसवते. म्हणून जादा चौथी तार घरात ठेवावी.

बांधताना नायलॉनची पहिली तार ब्रिजवर एकाच वेढ्याने अडकवली तर घसरून सुटते, आणि सुटताना गिटारच्या अंगावर ओरखडा काढते. दोन-तीन वेढे घ्यावेत आणि शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबला जाईल असं बघावं. नायलॉन पहिले काही दिवस ताणत राहतं, त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सेट बदलू नये. स्टीलच्या तारा आदल्या संध्याकाळी बदलल्या तरी चालतं. फक्त पिन बसवताना तारेचं गोल टोक वर ओढून घट्ट टेकवावं. ते पिनच्या टोकावर अडकून राहिलं तर ताण येताच पिन उडते.