शिकवणी आणि घरगुती बेकरी: धंदा की व्यवसाय?

नागपुरात घरी केक करणाऱ्या किंवा शिकवणी घेणाऱ्या बहुतेकांना पडणारा पहिला प्रश्न, आपले उत्पन्न ‘धंद्याचे’ की ‘व्यवसायाचे’, हा खरे तर दुय्यम आहे, कारण प्राप्तिकर कायद्यात दोन्ही एकाच शीर्षाखाली येतात. फरक पडतो तो अनुमानित पद्धत, म्हणजे प्रत्यक्ष खर्च न मोजता जमेचा ठरावीक हिस्सा नफा मानण्याची सोय, निवडताना. (येथील नियम आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचे आहेत.)

एक बेकरीवाली आणि एक शिकवणीवाली अशा दोघींची वार्षिक जमा प्रत्येकी ६ लाख धरू. बेकरीवालीचे त्यातले ५ लाख यूपीआयने आणि १ लाख रोख आले आहेत. कलम ४४एडीनुसार तिचा किमान नफा यूपीआय जमेवर ६ आणि रोखीवर ८ टक्के, म्हणजे ३८,००० रुपये, मानला जातो आणि मग वेगळा कोणताही खर्च मागता येत नाही. प्रत्यक्षात मैदा, लोणी, मलई यांवर २,६०,०००, गॅस, खोकी व पोचवणीवर ५०,००० गेले आणि डिसेंबरमध्ये ४०,००० चा ओव्हन घेतला. ओव्हनची पूर्ण रक्कम खर्चात टाकणे ही नेहमीची चूक आहे. १५ टक्के घसारा, तोही वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असल्याने निम्मा, म्हणजे ३,००० रुपयेच मिळतो. खरा नफा २,८७,००० होतो. इतवारीतल्या एकाच दुकानदाराला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली असेल, तर तो खर्च साधारणतः नामंजूर होतो.

नव्या कररचनेत ४ लाखांपर्यंत कर नसल्याने दुसरे उत्पन्न नसेल तर ३८,००० दाखवून तिचा एक रुपयाही वाचत नाही, उलट कर्ज मागताना बँकेपुढे तेवढीच कमाई दिसते. त्यामुळे तिने ४४एडीखालीच, आयटीआर-४ मध्ये, खरा नफा दाखवावा असे माझे मत आहे. किमानपेक्षा अधिक दाखवण्यास कायद्याची आडकाठी नाही.

शिकवणीवालीला मात्र कलम ४४एडीए मोहात पाडते, कारण तेथे जमेच्या निम्मा नफा चालतो. पण ते वकील, डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल अशा नेमक्या व्यवसायांसाठी आहे आणि त्या यादीत अध्यापन नाही. काही सल्लागार शिकवणीला धंदा मानून ४४एडीत बसवतात. परंतु ज्या कामात खर्च ४०,००० आणि नफा ५,६०,००० आहे, तेथे ६ टक्के सांगणे मला पटत नाही. शिवाय खरा नफा दाखवला तरी निवासी व्यक्तीला नव्या रचनेत विशेष दराने कर न लागणाऱ्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्यच होतो.

नोकरीचा पगार मिळून उत्पन्न १२ लाखांपुढे गेले, तर मात्र हिशेबवह्या ठेवून आयटीआर-३ भरणे आणि खर्च मागणे उपयोगाचे ठरते. झेरॉक्स, फळा, इंटरनेटचा शिकवणीपुरता हिस्सा चालतो. भाड्याच्या घरातील शिकवणीच्या खोलीचे भाडे क्षेत्रफळ व वापराच्या वेळेच्या प्रमाणात मागता येते, मात्र स्वतःच्या मालकीच्या घराचे काल्पनिक भाडे मागता येत नाही.