गिगची तीन पॅकेजं: ग्राहकाने मधलं घ्यावं म्हणून कोणती मांडणी निवडाल?

फायवरसारख्या मार्केटप्लेसवर गिग, म्हणजे विकायच्या सेवेचं पान, तयार करताना बेसिक, स्टँडर्ड आणि प्रीमियम असे तीन रकाने समोर येतात. ते कशाच्या आधारावर वेगळे करायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. बहुतेक सेलर तीनपैकी एका वाटेने जातात. कुणी संख्या वाढवत नेतो, कुणी वेग वाढवतो, तर कुणी कामाची व्याप्ती वाढवतो. फॉर्म भरताना तिन्ही वाटा सारख्याच वाटतात, पण मधल्या पॅकेजचं नशीब त्या निवडीवर बरंच ठरतं.

आधी माणूस मधलं का घेतो ते पाहू. इटामार सायमनसन आणि एमॉस ट्वर्स्की या संशोधकांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एका गटाला मिनोल्टाचे दोन कॅमेरे दाखवले, साधारण १७० आणि २४० डॉलरचे. पसंती अर्धी-अर्धी विभागली गेली. दुसऱ्या गटाला त्या दोघांबरोबर ४७० डॉलरचा तिसरा कॅमेराही दाखवला. आता २४० वाल्याला ५७ टक्के लोकांनी निवडलं, स्वस्तातल्याला २२ टक्क्यांनी आणि महागाला २१ टक्क्यांनी. नक्की काय घ्यावं हे ठरत नसेल, तर माणूस दोन्ही टोकं टाळतो. म्हणजे या परिणामाला दोन अटी आहेत. पर्याय दर्जा आणि किंमत यांच्या एकाच रेषेवर हवेत, आणि ग्राहक थोडा अनिश्चित हवा. तिन्ही मांडण्या आता याच कसोटीवर घासून बघू या.

संख्या वाढवणारी मांडणी

एक एपिसोड, दोन एपिसोड, चार एपिसोड. किंवा ५०० शब्द, १००० शब्द, २००० शब्द. लिहायला ही सगळ्यात सोपी, आणि मधल्या पॅकेजसाठी बहुतेक वेळा सगळ्यात कमकुवत. ज्याच्याकडे १८०० शब्दांचा मजकूर आहे, त्याची निवड त्याच्या फाइलने आधीच केलेली असते. तिथे अनिश्चितता उरतच नाही. आणि ज्याला संख्या ठरवायचं स्वातंत्र्य आहे, तो पहिल्यांदा तुमच्याकडे येत असेल तर एकच घेऊन बघतो. अनोळखी माणसाकडून चार घेण्याची जोखीम तो का घेईल? दर नगामागे सवलत दिली तरी ही भीती जात नाही, तुमचा दर तेवढा उतरतो.

एक अपवाद आहे. जिथे एक नग एकटा निरुपयोगी असतो, उदाहरणार्थ सोशल मीडियाच्या पोस्टची चित्रं, तिथे संख्या हाच दर्जा असतो. दोन आठवडे पुरतील इतकी चित्रं मधल्या पॅकेजमध्ये असतील, तर ते आपोआप शहाणपणाचं वाटतं.

वेग वाढवणारी मांडणी

काम तेच, पण सात दिवसांत, चार दिवसांत किंवा एका दिवसात. इथे मधलं पॅकेज ओस पडतं. ज्याला घाई आहे त्याला उद्याच हवं असतं, ज्याला नाही तो सात दिवस आनंदाने थांबतो. चार दिवसांसाठी जादा पैसे मोजावेत इतकी मध्यम घाई फार थोड्यांना असते. शिवाय डिलिव्हरीच्या वचनाचा भार तुमच्यावर येतो: तीन ऑर्डर एकाच दिवशी आल्या आणि एक उशिरा गेली, तर नाव तुमचं खराब होतं. वेग विकायचाच असेल तर तो एक्स्ट्रा म्हणून द्यावा, म्हणजे कोणत्याही पॅकेजवर जोडता येतो.

व्याप्ती वाढवणारी मांडणी

माझं मत याच बाजूने आहे, म्हणून इथे सविस्तर थांबतो. यात प्रत्येक पॅकेज एका वेगळ्या गरजेला पूर्ण उत्तर देतं आणि पुढचं पॅकेज मागच्यावर उभं राहतं. पॉडकास्ट एडिटिंगचं उदाहरण घेऊ, ३० मिनिटांपर्यंतचा एक एपिसोड. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. फायवर सेलरच्या कमाईतून २० टक्के कापून घेतं, तेही धरलं आहे.

| | बेसिक | स्टँडर्ड | प्रीमियम |
|---|---|---|---|
| काम | आवाजाची सफाई, पातळी समान | + अडखळणं आणि लांब विराम कापणं, इंट्रो-आउट्रो | + शो नोट्स, लिखित प्रत, तीन छोट्या क्लिप |
| रिव्हिजन | १ | २ | ३ |
| किंमत | ३० डॉलर | ७० डॉलर | १५० डॉलर |
| लागणारा वेळ | दीड तास | ३ तास | ७ तास |
| हाती येणारे | २४ डॉलर | ५६ डॉलर | १२० डॉलर |
| ताशी | १६ डॉलर | सुमारे १८.७ डॉलर | सुमारे १७.१ डॉलर |

शेवटची ओळ आधी बघा. लोकांनी मधलं घ्यावं असं वाटत असेल, तर ताशी सर्वात चांगली कमाई मधल्यातच हवी. नाहीतर इतकी मांडणी करून तुम्ही ग्राहकाला स्वतःच्या तोट्याकडे ढकलाल. पुष्कळ सेलर स्टँडर्डमध्ये इतकं भरतात की ते आकर्षक होतं आणि लगेच परवडेनासंही होतं. म्हणून किंमत लिहिण्याआधी प्रत्येक पॅकेजचे तास प्रामाणिकपणे मोजावेत, रिव्हिजनचे तासही त्यातच धरून.

बेसिक लंगडं नाही, हीही महत्त्वाची गोष्ट. जो एकटाच चांगल्या माइकवर लिहून आणलेलं वाचतो, त्याला बेसिक पुरतं. तो निर्यात केलेली फाइल थेट अपलोड करू शकतो. पण पाहुण्याची मुलाखत घेणाऱ्याला ‘म्हणजे’, ‘अं’ आणि मध्येच आलेला फोन काढायचाच असतो, म्हणून त्याचं उत्तर स्टँडर्ड. बेसिकमधून मुद्दाम अत्यावश्यक गोष्ट काढून घेणं, जसं लोगोच्या गिगमध्ये वापरता येईल अशी फाइलच न देणं, हा मार्ग मला मान्य नाही. ग्राहक ते फसवणूक समजतो आणि रिव्ह्यूमध्ये तसं लिहितो.

आता पायऱ्यांची उंची. बेसिकवरून स्टँडर्डवर जायला ४० डॉलर, स्टँडर्डवरून प्रीमियमवर जायला ८०. दुसरी उडी पहिलीपेक्षा स्पष्ट मोठी आहे. हेच प्रीमियम ९० डॉलरला ठेवलं, तर २० डॉलरमध्ये शो नोट्स आणि क्लिप मिळतात हे पाहून लोक वर सरकतील, आणि सात तासांचं काम ७२ डॉलरमध्ये तुमच्या गळ्यात पडेल. जवळची किंमत वरच्या पॅकेजकडे ढकलते, हे ध्यानात न घेता ‘मधलं खपावं म्हणून तिसरं पॅकेज नुसतं दाखवायला ठेवा’ असा सल्ला दिला जातो. दुसरीकडे प्रीमियम ५०० डॉलरला नेलं तर ते वेगळ्याच बाजारातलं वाटतं आणि तुलनेतून बाहेर पडतं. दुपटीच्या आसपासची किंमत मला योग्य वाटते. अट इतकीच की उद्या कुणी प्रीमियम खरोखर मागितलं, तर ते तुम्हाला आनंदाने करता आलं पाहिजे. निव्वळ दाखवण्यापुरतं प्रीमियम कधीतरी ऑर्डर होतंच.

जिथे चांगली मांडणीही कोसळते

सगळ्यात लपलेली जागा म्हणजे एक्स्ट्रा. समजा बेसिकवर अडखळणं कापण्यासाठी १५ डॉलर, इंट्रो-आउट्रोसाठी १० आणि जादा रिव्हिजनसाठी ५ डॉलर असे एक्स्ट्रा आहेत. बेरीज करा: ३० अधिक ३०, म्हणजे ६० डॉलरमध्ये संपूर्ण स्टँडर्ड. ७० डॉलरचं पॅकेज कुणी का घ्यावं? हेच एक्स्ट्रा २५, १५ आणि १० ठेवले तर बेरीज ८० होते, आणि स्टँडर्ड घेण्याला हिशेबाचं कारण मिळतं. गिग जाहीर करण्याआधी ही बेरीज एकदा कागदावर करावीच.

दुसरी जागा बेसिकच्या किमतीची. शोधाच्या यादीत ग्राहकाला सुरुवातीची किंमत दिसते, म्हणजे बेसिकची. त्यामुळे हा आकडा दोन कामं करतो. तो खाली आणला तर क्लिक वाढतात, पण येणारे लोक स्वस्ताईच्या शोधातले असतात आणि ७० डॉलर त्यांना अचानक महाग वाटतात. तो ४५ वर नेला तर स्टँडर्ड फक्त २५ डॉलर दूर राहतं, मधल्याचा वाटा वाढतो, मात्र क्लिक घटतात. इथे सगळ्यांना लागू पडणारं उत्तर नाही. रिव्ह्यू नसलेल्या नव्या सेलरने आकडा खाली ठेवणं मला पटतं. ऑर्डरची रांग लागलेल्याने तो वर न्यावा.

तिसरं, मोबाइलवर तिन्ही पॅकेजं शेजारी शेजारी दिसत नाहीत. टॅबखाली एका वेळी एकच उघडं असतं. म्हणून स्टँडर्डच्या वर्णनाची पहिली ओळ ते कुणासाठी आहे हे सांगणारी हवी: ‘मुलाखतीच्या एपिसोडसाठी, अपलोडला तयार.’ ‘बेसिकमधलं सगळं आणि आणखी’ ही ओळ टॅब बदलून पाहणाऱ्याला काहीच सांगत नाही.

मांडणी चालतेय का, हे कसं ओळखाल

ऑर्डरच्या यादीत कोणतं पॅकेज किती वेळा गेलं ते मोजा. पाच-सहा ऑर्डरवरून निष्कर्ष काढू नका, निदान तीसेक होऊ द्या. कॅमेऱ्यांच्या प्रयोगातही ४३ टक्के लोक मधल्याबाहेर होते, तेव्हा सगळे मधलंच घेतील ही अपेक्षा चुकीची आहे. निम्म्याहून जास्त ऑर्डर बेसिकच्या असतील, तर मेसेज वाचा. ‘बेसिकमध्ये हे एवढं करून द्याल का’ असा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती गोष्ट स्टँडर्डच्या वर्णनात ठळक दिसत नाहीये. स्टँडर्ड घेणारे सगळेच वर एकच एक्स्ट्रा जोडत असतील, तर तो आत घ्या आणि किंमत त्या प्रमाणात वाढवा. प्रीमियम सपाट्याने जात असेल, तर ते स्वस्त झालंय. बदल एका वेळी एकच करा, नाहीतर आकडे कशामुळे हलले ते कळणार नाही.

नेहमीचे ग्राहक या मोजणीतून वेगळे काढा. त्यांना काय हवं ते माहीत असतं, मधल्या पर्यायाची ओढ त्यांच्यावर चालत नाही. त्यांच्यासाठी संख्येची मांडणी खरोखर उपयोगी आहे: चार एपिसोडची स्वतंत्र कस्टम ऑफर इनबॉक्समधून पाठवा आणि गिगची तीन पॅकेजं नव्यांसाठी जशीच्या तशी राहू द्या.