एक हात दोरा: सात महिन्यांच्या भरतकामानंतर

गेले सात महिने मी एका सुती साडीच्या काठावर वेल भरते आहे. देठटाक्याची वेल, भरीव टाक्याची पानं आणि कळ्यांना गाठीचा टाका. सहा पदरी सुती दोऱ्याचे दोन पदर घेऊन सगळं काम. पहिल्या दोन महिन्यांत दोरा इतका गुंतायचा की टाके कमी आणि सोडवणंच जास्त व्हायचं. आता गाठ क्वचितच पडते. त्यासाठी काय बदललं ते लिहिते.

सगळ्यात मोठा फरक दोऱ्याच्या लांबीने पडला. सुई पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून मी पाऊण-एक मीटर दोरा कापायची. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, एक हातच घे." त्यांचा हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण 45 सेंटीमीटर. मला वाटलं दोरा वाया जाईल. म्हणून एक दिवस मोजून पाहिलं.

सुरुवातीची शेपटी आणि शेवटी सुईला उरणारा तुकडा मिळून सुमारे 12 सेंटीमीटर जातात. हातभर दोऱ्यातले 33 उरतात. माझ्या एका टाक्याला पुढचं-मागचं धरून सुमारे 7 मिलिमीटर दोरा लागतो, म्हणजे 47 टाके. प्रत्येक टाक्याला दोरा दोनदा कापडातून जातो, तेव्हा सुईजवळचा भाग जवळजवळ 95 वेळा घासला जातो. 90 सेंटीमीटर घेतला तर हाच आकडा सव्वादोनशेच्या आसपास जातो. वेलीच्या ज्या भागात मी लांब दोरा वापरला होता, तिथे प्रत्येक दोऱ्याचे शेवटचे टाके केसाळ आणि निस्तेज दिसतात. उन्हात धरलं की कुठे नवीन दोरा सुरू झाला तेही कळतं. वाया जाणाऱ्या दोऱ्याची किंमत मी त्यापुढे मोजत नाही.

पिळाचं गणित वेगळं आहे आणि ते समजायला मला वेळ लागला. देठटाका घालताना दर टाक्याला सुई बोटांत थोडी फिरते. पाव वळसा धरला तरी चाळीस टाक्यांत दहा वळसे होतात. त्यातले बरेचसे मोकळ्या दोऱ्यातच राहतात, आणि दोरा तर टाक्याटाक्याला आखूड होत जातो. तोच पीळ कमी लांबीत कोंबला जातो. म्हणून गाठ नेहमी निम्मा दोरा संपल्यावर पडते, सुरुवातीला नाही. आधी खूण दिसतेच: दोरा सैल सोडला की स्वतःभोवती वळून फास करतो. उलट दिशेने फिरला असेल तर फास होत नाही, पण पदर चपटे होऊन वेगळे दिसू लागतात. दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं.

उपाय सोपा आहे. आठ-दहा टाक्यांनंतर रिंग उलटी धरून सुई खाली लोंबकळत सोडायची. ती आपोआप गरगर फिरते आणि थांबते. काही वेळा सुई कापडापर्यंत सरकवून दोऱ्यावरून दोन बोटं फिरवते, मग सुई परत वर घेते. आता सवय अशी झाली आहे की दर टाक्यानंतर सुई चिमटीत किंचित उलट फिरवली जाते. गाठीच्या टाक्यात सुईभोवती घेतलेले वेढेही पीळ बदलतात, म्हणून कळ्या भरताना तीन-चार गाठींनंतरच लोंबकळवते.

पदर सुटे करण्याची पद्धत मी आधी चुकीची करत होते. दोन पदर एकत्र ओढले की उरलेल्यांचा गुंता होतोच. आता हातभर तुकड्याचं वरचं टोक चिमटीत धरते, एकच पदर सरळ वर ओढून काढते, खाली गोळा झालेले पदर सरळ करते, मग दुसरा. नंतर दोन्ही शेजारी ठेवून ओवते. यामुळे पानांचा भरीव टाकाही सपाट बसतो.

सुईबद्दल थोडंसं. बारीक नेढ्याची सुई दोऱ्याला वाट करून देत नाही. दोन पदरांसाठी मला 8 नंबरची भरतकामाची सुई बरी वाटली. मेण लावून पाहिलं, गुंता कमी झाला, पण भरीव टाक्याची चकाकी गेली, म्हणून सोडलं. किंचित ओल्या स्पंजवरून पदर फिरवणं चांगलं, मात्र आधी पांढऱ्या चिंधीवर रंग तपासा. माझ्या एका लाल लडीने रंग सोडला आणि एक पान उसवावं लागलं.

हातभराचा नियम सगळीकडे नाही. चकचकीत कृत्रिम रेशीम आणि जरीचा दोरा मी वीतभरापेक्षा थोडाच जास्त घेते, कारण ते लवकर सुटतात. उलट कापडावर नुसता आडवा ठेवून वरून बारीक टाक्यांनी बसवायचा दोरा लांब घेतला तरी चालतो, तो कापडातून जातच नाही. माझ्या साडीच्या पदरावर पुढच्या महिन्यात तशी जर बसवायची आहे.