दोन व्हिडिओ, दोन कार्डं आणि भाच्याचा पीसी

इंदिरानगरच्या भाच्याने दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना करणाऱ्या व्हिडिओंच्या दोन लिंक पाठवल्या. खाली एकच ओळ: "मामा, 4060 घेऊ की 3060 12 जीबी?" दोन्ही व्हिडिओंत सायबरपंक 2077 हाच गेम, दोन्हींत 1080p. तरी पहिल्यात 4060 सुसाट पुढे आणि दुसऱ्यात दोघं जवळजवळ बरोबरीत.

पहिल्यातला प्रोसेसर 7800X3D, गेमसाठी फारच वेगवान. भाच्याकडे रायझन 5 3600, बी450 बोर्ड आणि जुनं 1060 कार्ड. पहिला व्हिडिओ गेममधला तयार बेंचमार्क चालवतो, शिवाय 4060 ला एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन चालू. एनव्हिडियाची ही सोय 3060 वर नाही. म्हणजे वाढलेल्या आकड्यातल्या बऱ्याच फ्रेम मधेच रचून घातलेल्या. पडद्यावर हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउसचा प्रतिसाद त्या प्रमाणात सुधारत नाही. असली तुलना मी तिथेच बंद करतो.

दुसरा छोट्या चॅनेलचा, आवाजही धड नाही. पण सुरुवातीलाच सेटिंग्जची सगळी पानं दाखवली आहेत, प्रोसेसर 3600 च आहे आणि माणूस भर बाजारातून चालतो. कोपऱ्यात जीपीयूचा, म्हणजे कार्डाचा, वापर 70 टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. कार्ड रिकामं बसलंय, गर्दी हाकताना प्रोसेसर दमलाय. हाच वापर 97-99 टक्के असता तर कार्डांची खरी कुस्ती दिसली असती.

आपल्या प्रोसेसरची मर्यादा नवं कार्ड न घेताही मोजता येते. भाच्याला सांगितलं, गर्दीची सेटिंग Crowd Density आहे तशीच ठेव, रिझोल्यूशन 720p कर, टेक्श्चर आणि सावल्या खाली आण आणि त्याच बाजारात फिर. रिझोल्यूशन उतरलं तरी फ्रेम 60 च्या आसपासच अडकल्या. त्या गर्दीत फ्रेम जनरेशनशिवाय कुठलंही कार्ड याच्या फार वर नेणार नाही. रे ट्रेसिंग लावलं तर प्रोसेसरवर आणखी बोजा.

बोर्डाची गोष्ट मात्र दोन्ही व्हिडिओंत नव्हती. बोर्डाशी डेटाची ये-जा करायला 4060 फक्त आठ लेन वापरतं, 3060 सोळा. बी450 वर या रस्त्याची जुनी पिढी, पीसीआयई 3.0, असल्याने 4060 चा रस्ता निम्मा होतो. एरवी फरक किरकोळ, पण टेक्श्चर त्याच्या 8 जीबी मेमरीत मावेनासे झाले की डेटा याच रस्त्याने ये-जा करतो आणि गेम अडखळतो. 3060 वेगाने मागे, पण 12 जीबीमुळे इथे निभावून नेतं. कार्ड बसवल्यावर जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये Bus Interface ची ओळ पाहावी, पण शेजारच्या प्रश्नचिन्हातली चाचणी चालू करून. नाहीतर काम नसल्याने झोपलेल्या कार्डाचा कमी वेग दिसतो आणि उगाच दुकानदाराशी भांडण.

भाचा फक्त 1080p वर खेळतो आणि टेक्श्चर एक पायरी खाली ठेवायला तयार आहे. अल्ट्राच हवं असतं तर मी 3060 सांगितलं असतं. त्याला 4060 चालेल, पण आधी प्रोसेसर: 5600 त्याच बोर्डावर बसतो, बायोस अपडेट केलं की. एम.जी. रोडवर भाव काढायला गेलाय.